पोचल्यावर फोन

बारकी परदेशी गेली ती एका अटीवर. अट आईची होती, म्हणजे दुरुस्ती सुचवायला वाव नव्हता. रोज घरी पोचल्यावर फोन करायचा. ज्या दिवशी चुकेल त्या दिवशी बाबा परतीचं तिकीट काढतील. बाबांनी पेपरातून डोकं वर न काढता मान हलवली. बाबांना तिकीट काढता येत नाही, ते दादा काढतो. पण अशा प्रसंगी कोणतं खातं कोणाकडे आहे हे विचारायचं नसतं.

‘पोचल्यावर फोन कर’ हे वाक्य आपल्याकडे पलीकडच्या गल्लीत पीठ दळायला जाणाऱ्यालाही म्हणतात. आईच्या बाबतीत त्याला एक पोटनियम होता : माणूस पोचेपर्यंत त्याला फोन करायचा नाही. तिच्या मावशीचे यजमान एकदा स्कूटरवर असताना मावशीने ‘कुठवर आलात?’ म्हणून फोन केला. ते उचलायला गेले आणि सरळ गटारात पोचले. तेव्हापासून आई वाटेतल्या माणसाला फोन करत नाही. ती वाट बघते. वाट बघण्यात तिचा हात धरणारं आमच्या पाहण्यात कोणी नाही.

बारकी दातांच्या प्रयोगशाळेत दोन वर्षांच्या उमेदवारीवर गेली होती. शेजारीपाजारी ती ‘दातांची डॉक्टर’ म्हणून ओळखली जाई. ती प्रत्यक्षात दात बनवायची. डॉक्टर मापं पाठवतात, यंत्र पांढऱ्या चकतीतून दात कोरतं, आणि तो कोरलेला दात हवा त्यापेक्षा चांगला पाचव्या हिश्शाने मोठा असतो, कारण भट्टीत तो आकसतो. मग बारीक कुंचल्याने त्यावर चिनी मातीचे थर चढवायचे, असे की शेजारच्या खऱ्या दाताला परका वाटू नये. शेजारचा दात बहुधा चहा-सिगरेटवर वाढलेला असतो, त्यामुळे नवा दात मुद्दाम थोडा मळकट करावा लागतो. बारकीला हे काम मनापासून आवडायचं. कोणी तोंड उघडलं की तिला त्या माणसाचं नाव ऐकू यायच्या आधी त्याच्या सुळ्याची छटा कळायची.

गेल्या गेल्या पहिल्या आठवड्यातच अट धोक्यात आली. दादाने तिच्या फोनमध्ये संध्याकाळच्या ठरावीक वेळेची आठवण लावून दिली होती. पण भट्टी कोणाच्या आईला ओळखत नाही. कधी काम लवकर आटपे, कधी लांबे. आठवण वाजे तेव्हा बारकीचे दोन्ही हात ओल्या पावडरीत. ती कोपराने पडद्यावरची सूचना बाजूला सारी आणि मग विसरून जाई. एकदा तर बस चुकवून, रस्त्यात धापा टाकत तिने शेवटच्या घटकेला फोन केला.

“अगं, गाड्यांचे आवाज येतायत,” आई म्हणाली. “घरी पोचल्यावर म्हटलं होतं मी. रस्त्यावर कशाला फोन करतेस? ठेव आधी!”

दादा हा आमच्या घरातला तंत्रज्ञ. म्हणजे त्याला सगळं येतं आणि घरातली ट्यूबलाइट सहा महिने लुकलुकते आहे. त्याने दुसऱ्या दिवशी बारकीला नवी युक्ती सांगितली.

“वेळेची आठवण काढून टाक. जागेची लाव. ‘पोचल्यावर’ असा पर्याय आहे बघ. त्यात तुझ्या खोलीचा पत्ता घाल. नकाशावर गोल येईल. तो गोल बोटाने लहानमोठा करता येतो.”

“खोलीएवढा कर ना मग.”

“तेवढा लहान होत नाही. शंभर मीटर तरी धरतोच तो. फोनला आपण नक्की कुठे आहोत ते पायरीपायरीने कळत नाही, अंदाजाने कळतं. आणि लोकेशनची परवानगी ‘नेहमी’ ठेव, नाहीतर खिशात असताना त्याला काही दिसणार नाही.”

“आणि रोज वाजेल?”

“तू बाहेरून गोलात आलीस की वाजेल. फक्त एक कर, काम झालं म्हणून त्यावर टिक करू नकोस. सूचना बाजूला सार, हरकत नाही. टिक केलंस की त्याच्या लेखी विषय संपला. टिक केलं नाहीस तर प्रत्येक वेळी आत येताना वाजत राहील.”

“म्हणजे हे काम कधीच पूर्ण झालं म्हणायचं नाही?”

“आईचं काम आहे,” दादा म्हणाला. “तू काय समजलीस?”

ही व्यवस्था आईला सांगायची दोघांपैकी कोणालाच गरज वाटली नाही. आईला इतकंच दिसलं की पोरगी घरात पाऊल टाकते न टाकते तोच फोन येतो. तिकडची संध्याकाळ म्हणजे आईकडची चहाची वेळ. “किती आठवण असते हो तिला,” ती बाबांना म्हणे. “तुम्ही बाजारातून फोन करायला विसरता.” बाबा पान उलटत.

फोनवर बोलणं काय व्हायचं ते सांगण्यासारखं नाही. पोचलीस? पोचले. जेवलीस? जेवेन आता. काय जेवणार? आहे काहीतरी. काहीतरी म्हणजे? थंडी आहे? आहे. मग स्वेटर? घातलाय. बरं, ठेवते. दोघी ठेवत नसत. मग कोणीतरी एकीने ठेवायचं. बँकेत सही जुळते का बघतात तसा तो रोजचा प्रकार होता. आई सही तपासायची आणि बारकी रोज तीच सही करायची.

काही दिवसांनी बारकीच्या लक्षात एक गोष्ट आली. आठवण खोलीच्या दारात वाजत नव्हती. ती त्याच्या बरीच आधी, कोपऱ्यावरच्या कपडे धुण्याच्या दुकानापाशी वाजायची. गोल तिथवर पसरला होता. कधी दुकानाच्या दारात, कधी दोन दुकानं पुढे गेल्यावर, आणि फोनची बॅटरी कमी असली तर जिन्यात पोचल्यावर. कुंपण रबराचं होतं, पण होतं तिथेच होतं. आणि कोपऱ्याच्या अलीकडे, रस्त्याच्या या बाजूला उभं राहिलं तर फोन मुका.

एका संध्याकाळी ती या बाजूच्या बाकावर जरा बसली. पिशवी जड होती हे कारण. दुसऱ्या दिवशी पिशवी हलकी होती, तरी बसली. सकाळपासून डॉक्टरांचं, भट्टीचं, मुकादम बाईंचं ऐकून झालेलं असे, आणि पलीकडे गेलं की ‘स्वेटर?’ सुरू होणार असे. मधली ही पाच-दहा मिनिटं कोणाच्याच नावावर नव्हती. ती घरी पोचलेली नव्हती, म्हणजे अट मोडत नव्हती. कायद्याच्या भाषेत याला काय म्हणतात ते वकिलांना ठाऊक. घरात याला लबाडी म्हणतात, पण घर रस्त्याच्या पलीकडे होतं.

बाकाच्या मागे वस्तीचं एक सभागृह होतं. थंडी वाढली तशी ती बाकावरून त्याच्या दारात आणि दारातून आत गेली. आत टेबल टेनिसची दोन टेबलं होती. एकापाशी तिघंजण उभी होती आणि वाद घालत होती. एक बसचालक बाई, अंगाने दणकट, आवाजाने त्याहून दणकट. एक निवृत्त गणिताचे मास्तर. आणि एक नर्स, जी कायम ड्यूटीवरून आलेली किंवा ड्यूटीवर निघालेली असे.

“तू,” बसवाल्या बाई तिला म्हणाल्या. “हात आहेत ना दोन?”

“खेळता येत नाही मला.”

“मास्तरांनाही येत नाही. चाळीस वर्षं खेळतायत. ये, चौथा भिडू पाहिजे.”

दुहेरीचा हा नियमच आहे : चौथ्याशिवाय तिघांना किंमत नाही. बारकीचा हात कुंचल्यावर बसलेला, त्यामुळे चेंडू हळूच कडेला ठेवणं तिला पटकन जमलं. जोरात मारणं बसवाल्या बाईंकडे होतंच. दोघींची जोडी झाली. मास्तर प्रत्येक गुण हरल्यावर त्याची कारणमीमांसा करत आणि नर्स “तोंडाने नका खेळू” म्हणे.

आता संध्याकाळ पाच-दहा मिनिटांची राहिली नाही. आधी अर्धा तास झाली, मग तास, मग दिवे बंद करायला रखवालदार येईपर्यंत. एकदा ऐन रंगात फोन वाजला. सभागृह गोलाबाहेर होतं, पण फोनचा अंदाज तेवढ्यापुरता रस्ता ओलांडून आला होता. ‘घरी पोचलीस, आईला फोन.’ बारकी दचकली, चेंडू जाळ्यात गेला.

“कोण आहे ते?” बसवाल्या बाईंनी विचारलं.

“घर.”

“त्याला म्हणावं, गुण गेला आमचा.”

घरी आईचा चहा निवायला लागला. तिने एकदा विचारलंही. “हल्ली उशीर होतो का गं?”

“हो. पण पोचल्या पोचल्या करते ना.”

“तेही खरंच,” आई म्हणाली. आणि ते खरंच होतं, हीच तर त्यातली गोम.

त्यात फ्लू आला. प्रयोगशाळेतल्या अर्ध्या लोकांना एकेक करून झाला आणि शेवटी बारकीच्या हातातला कुंचला थरथरायला लागला. मुकादम बाईंनी तिला दुपारीच घरी पिटाळलं. कोपऱ्यावर इमाने इतबारे फोन वाजला. बारकीने वेळ मोजली. आईकडे आत्ता सकाळ. आंघोळ, बाजार. या वेळी फोन केला तर ‘एवढ्या लवकर? काय झालं?’ आणि मग पुढे सगळं रामायण. संध्याकाळी करू, नेहमीसारखा. तेव्हा वाजेलच हा. तिने सूचना बाजूला सारली, दोन गोळ्या घेतल्या आणि पांघरूण डोक्यावर ओढलं.

संध्याकाळी तो वाजला नाही. वाजणार कसा? त्याचं काम कुंपण ओलांडलं की ओरडायचं. जो आतच आहे त्याच्याशी त्याचं काही देणंघेणं नाही. सुट्टीच्या दिवशी बारकी दूध आणायला तरी बाहेर पडे, परतताना वाजे, आणि त्यामुळे ही उणीव इतके महिने कोणाच्या ध्यानातच आली नव्हती. आता ती पलंगावरून हलत नव्हती. फोन उशाशी होता, चार्जिंगला लावलेला, ठणठणीत आणि गप्प. ती झोपली, घामाने भिजली, पाणी प्यायली, पुन्हा झोपली. दुसरा दिवस कधी उजाडला तिला नीटसं कळलं नाही. घसा पार बसला होता.

आईने पहिल्या दिवशी चहा दोनदा गरम केला.

“पोचली नसेल अजून,” ती म्हणाली.

“हं,” बाबा म्हणाले.

“फोन करू का? नको. रस्त्यात असेल.”

ती रात्री नीट झोपली नाही. दुसऱ्या दिवशी चहाची वेळ टळली तेव्हा बाबांनी आयुष्यात प्रथमच पेपर घडी घालून बाजूला ठेवला. ते पाहून दादा घाबरला.

“आई, काही नसेल गं. रिमाइंडर लागला नसेल.”

“कसला रिमाइंडर?”

दादाच्या लक्षात आलं की आपण बोललो. पण तोंडातून निघालेला शब्द आणि दादाने उघडलेलं यंत्र, दोन्ही परत जागेवर जात नाहीत. त्याने सांगून टाकलं. गोल, पत्ता, टिक न करणं, सगळं. सांगताना तो थोडा रंगलाही, कारण युक्ती त्याची होती.

आईने सगळं ऐकून घेतलं. “म्हणजे ती फोन वाजतो म्हणून फोन करते.”

“तसं नाही...”

“कसं आहे?”

 दादाने विषय बदलावा म्हणून आपल्या फोनच्या नकाशावर बारकीचा ठिपका उघडला. तिने तो घरच्यांसाठी दिसता ठेवला होता. आईला हे पण आजच कळलं.

“हा बघ. घरीच आहे ती. बाहेर गेलेलीच दिसत नाही.”

“घरी आहे,” आई म्हणाली. तिने पदराने आधीच कोरडा असलेला कप पुसला. “घरी आहे, आणि फोन नाही. फोनची ती डबी वाजली नाही, म्हणून आई नाही. काढ तिकीट.”

“आई, अगं तिचं शिक्षण अजून वर्षभर...”

“अट आधी सांगितली होती. काढ.”

दादाने बारकीला फोन लावला. लागला, पण उचलला नाही. झोपेसाठी तिने आवाज बंद केला होता. मग त्याने लिहिलं, ‘आईला रिमाइंडरचं कळलं. तिकीट काढ म्हणतेय. जिवंत आहेस का?’

त्याच सुमारास तिकडे सभागृहात तिघंजण टेबलापाशी उभी होती. लागोपाठ दुसरी संध्याकाळ चौथा भिडू नव्हता. मास्तरांनी तीन जणांत खेळायची एक पद्धत मांडून दाखवली, ती कोणाला कळली नाही.

“न सांगता दांडी मारणारी नाही ती,” बसवाल्या बाई म्हणाल्या. “आणि तिच्या कामावर सगळे शिंकतायत म्हणाली होती परवा.”

“कुठे राहते?” नर्सने विचारलं.

कोणालाच नेमकं माहीत नव्हतं. पण बसवाल्या बाईंनी तिला कितीदा तरी कोपऱ्यावरून वळताना, तिथे थबकून फोन काढताना पाहिलं होतं. धुलाईच्या दुकानात विचारलं, त्यांनी दार दाखवलं. घरमालकीण म्हणाली, “कालपासून पावलं ऐकू नाही आली वरून,” आणि मग स्वतःच घाबरून जिना चढायला लागली.

बारकी जागी झाली ती दार ठोठावण्याने. दार उघडून तिने पाहिलं तर जिन्यात टेबल टेनिसचा अख्खा संघ आणि मागे घरमालकीण. नर्सने काही न विचारता तिच्या कपाळाला हात लावला, तिला पलंगावर बसवलं आणि थर्मामीटर काढलं. मास्तर खिडकी उघडावी की नाही यावर बोलायला लागले. बसवाल्या बाईंनी उशाशी लुकलुकणारा फोन उचलून तिच्या हातात दिला.

“कोणीतरी फार वेळा शोधतंय तुला.”

बारकीने दादाचे शब्द वाचले. मग आईला लावला, व्हिडिओवर. पहिल्या घंटीला उचलला गेला. आईचा चेहरा फार जवळ होता, नेहमीसारखा अर्धा.

“आत्ता कोणी आठवण करून दिली?” आईने विचारलं. “डबीनेच का?”

बारकीला खोटं बोलता आलं असतं. पण बसलेल्या घशाने खोटं बोलायला फार शब्द लागतात. “नाही,” ती कुजबुजली. “बसवाल्या बाईंनी.”

“कोण बसवाल्या बाई? आणि हा आवाज कसला?”

“ताप आहे. कालपासून.”

आई एकदम मागे सरकली, त्यामुळे तिचा पूर्ण चेहरा दिसला. “किती आहे?”

नर्सला भाषा कळली नाही, पण हा प्रश्न जगात सगळीकडे त्याच चेहऱ्याने विचारतात. तिने थर्मामीटर पडद्यासमोर धरलं. आईने चष्मा लावला.

“एकोणचाळीस? अहो, एकोणचाळीसच आहे! पोरगी गार पडली!”

“आई, तिकडे सेल्सिअस असतं,” मागून दादाचा आवाज. “म्हणजे एकशेदोन.”

“एकशेदोन होय,” आई म्हणाली आणि तिला बरं वाटलं. एकशेदोनशी तिची जुनी ओळख होती. “कपाळावर पट्ट्या ठेवा म्हणावं त्या बाईंना. आणि ही कोण माणसं आहेत एवढी तुझ्या खोलीत?”

बारकीने सांगितलं. थोड्या शब्दांत, कारण जास्त निघत नव्हते. सभागृह आहे. खेळते. चौघं असतो. मी गेले नाही म्हणून बघायला आले.

“कधी खेळतेस? उशीर होतो तो...”

“हो.” मग तिने उरलेलंही सांगून टाकलं. “मुद्दाम. घरी पोचले की फोन करावा लागतो. म्हणून पोचत नव्हते.”

 आईने चष्मा काढून पुसला आणि परत लावला. बसवाल्या बाई ओला रुमाल पिळत थांबल्या. त्यांना शब्द नाही, पण ते पुसणं कळलं.

“इतकं नकोसं होतं?” आईने विचारलं.

“तू नाही. ते प्रश्न.”

“मग मी दुसरं काय विचारू? मला दात बनवता येतात का? तू तिकडे काय करतेस त्यातलं मला एक कळत नाही. जेवलीस का, एवढंच कळतं. म्हणून तेवढंच विचारते.”

बारकीने हे इतक्या महिन्यांत एकदाही मनात आणलं नव्हतं.   तिने नुसती मान हलवली, आणि मग नाक ओढलं, जे फ्लूमध्ये चालून जातं.

“आणि मी दोन दिवस इथे काय करत होते माहितेय?” आई म्हणाली. “तुला फोन करत नव्हते. तू रस्त्यात आहेस म्हणून. दोन दिवस कोणी रस्त्यात असतं का गं? पण मी नाही केला. ही तिघं आली आणि मी नाही केला.”

हे वाक्य बारकीला उद्देशून नव्हतं, आणि बाबांना तर नाहीच. ते गटारात पडलेल्या यजमानांना असावं.

मग आईने कॅमेरा बसवाल्या बाईंकडे वळवायला लावला. दोघींनी एकमेकींकडे नीट पाहून घेतलं. आईने दोन्ही हात जोडले. बसवाल्या बाईंनी दोन्ही हात ओल्या रुमालासकट वर केले.

“यांचा नंबर दे मला,” आई म्हणाली.

“आई, त्यांना मराठी येत नाही.”

“मला कुठे बोलायचंय? पुढच्या वेळी तुला ताप आला तर कोणाला फोन करायचा ते हवंय. तुझा दादा ठिपका दाखवतो. ठिपक्याला ताप आलाय हे दिसतं का?”

मागे दादा काहीतरी पुटपुटला. ‘जागेबरोबर वेळेचीही लावू, म्हणजे दोन्हीपैकी...’ एवढं ऐकू आलं. आईने त्याच्याकडे फक्त बघितलं, आणि यंत्रविद्येवरचं त्याचं भाषण तिथेच विसर्जित झालं.

“आई,” बारकीने विचारलं. “तिकीट?”

 नर्स कपाळावर पट्टी ठेवत होती, ते आईने बघितलं. मास्तर खिडकीची फट बोटांनी मोजत होते, तेही बघितलं.

“कशाला तिकीट? इथे आलीस तर तुझ्या तापाला मी एकटीच. बाबा पेपर वाचतील. राहा वर्षभर, शीक.” आणि मग, जरा अवघडून, कारण हा प्रश्न तिच्या सरावाचा नव्हता, तिने विचारलं, “खेळात तुम्ही दोघी जिंकता की हरता?”

“जिंकतो. मास्तर वाद घालतात.”

“कशावरून?”

“चेंडू कडेला लागला की नाही यावरून.”

“लागतो का?”

बारकीने बसवाल्या बाईंना विचारलं. त्यांनी खदाखदा हसून काहीतरी सांगितलं, मास्तर तावातावाने उठले, आणि नर्सने दोघांनाही गप्प बसवलं. आईला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. तिने खुर्ची ओढली, फोन पाण्याच्या तांब्याला टेकून उभा केला आणि म्हणाली, “सावकाश सांग. आधी पाणी पी, आणि मग पहिल्यापासून सांग, कडेला म्हणजे नक्की कुठे?”